दहा किलोच्या आतल्या बाळाचा केमोचा डोस: चौरस मीटर सोडून किलोवर का यायचं आणि हिशोब कसा करायचा

पेठ तालुक्यातली साडेचार महिन्यांची मुलगी. अंधारात दिव्याचा उजेड पडला की तिच्या डोळ्यात मांजरीच्या डोळ्यासारखी पांढरी चमक दिसते, हे आधी आजीच्या लक्षात आलं. मुंबईत तपासणी झाली. दोन्ही डोळ्यांत रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग. उपचाराची आखणी मुंबईच्या बालकर्करोगतज्ज्ञांनी केली आणि सायकली, म्हणजे केमोच्या फेऱ्या, नाशिकमध्ये द्यायच्या ठरल्या, कारण तान्ह्या बाळाला घेऊन दर महिन्याला मुंबई गाठणं त्या घराला झेपणारं नव्हतं. माझं काम अशी औषधं मोजून तयार करण्याचं. कागद हातात आला तेव्हा त्यावर व्हिन्क्रिस्टीन, कार्बोप्लाटिन आणि इटोपोसाइड ही तीन नावं होती आणि प्रत्येकापुढे डोस चौरस मीटरला किती, एवढंच लिहिलं होतं. बाळाचं वजन होतं सहा किलो.

त्या कागदावरून सरळ गुणाकार केला असता तर या मुलीला जवळपास दीडपटीहून जास्त औषध गेलं असतं. फोन केला, तेव्हा तिकडच्या डॉक्टरांनी लगेच सांगितलं की मूळ प्रोटोकॉलमध्ये लहान बाळांसाठी किलोचा आकडा आहे, सारांश लिहिताना तो गळला. असं कुठेही होऊ शकतं. म्हणून हा हिशोब केमो देणाऱ्या सिस्टर, निवासी डॉक्टर आणि फार्मासिस्ट यांच्यासाठी पहिल्यापासून मांडतो आहे. आईवडिलांनीही वाचावा, पण डोस ठरवण्यासाठी नाही. बाळाचं वजन नीट व्हावं म्हणून आग्रह कशासाठी धरायचा, हे त्यांना यातून कळेल. डोस शेवटी तज्ज्ञ आणि त्यांचा लेखी प्रोटोकॉलच ठरवतात.

पृष्ठभागाचा हिशोब आला कुठून

केमोचा डोस शरीराच्या पृष्ठभागावर मोजायची पद्धत १९५८ साली डोनाल्ड पिंकेल यांनी मांडली. वेगवेगळ्या आकाराचे प्राणी, मुलं आणि मोठी माणसं यांचे डोस किलोवर मांडले तर जुळत नव्हते. चौरस मीटरवर मांडले की बरेच जवळ येत होते. मूल दोन-चार वर्षांचं असलं की ही पद्धत खरोखर चांगली चालते, कारण त्या वयात यकृत आणि मूत्रपिंडं किलोमागे मोठ्या माणसापेक्षा जास्त वेगाने औषध बाहेर टाकतात. त्यांना किलोमागे थोडं जास्त औषध लागतंच आणि पृष्ठभागाचा हिशोब ते आपोआप देतो.

आपोआप कसं देतो, हे लासलगावच्या बाजारात कांदा पाहिलेल्या माणसाला लगेच कळेल. एक किलो मोठा कांदा सोला आणि एक किलो गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, सोला. गोल्टीची सालं कितीतरी जास्त निघतात. वजन तेवढंच, पण वस्तू लहान झाली की किलोमागची साल वाढते. माणसाचंही तसंच आहे. तीस किलोच्या मुलाचा पृष्ठभाग साधारण एक चौरस मीटर असतो, म्हणजे किलोमागे ०.०३३ चौ.मी. आपल्या सहा किलोच्या मुलीचा पृष्ठभाग ०.३२ चौ.मी., म्हणजे किलोमागे ०.०५३. नुकत्या जन्मलेल्या साडेतीन किलोच्या बाळाचा ०.२२, म्हणजे किलोमागे ०.०६३. चौरस मीटरवर डोस काढला की नवजात बाळाला किलोमागे तीस किलोच्या मुलाच्या जवळपास दुप्पट औषध जातं.

हे जास्तीचं औषध बाहेर टाकायची ताकद तान्ह्या बाळाच्या अवयवांत असती तर काहीच बिघडलं नसतं. ती नसते, आणि सगळा प्रश्न इथेच आहे. जन्मताना मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता, आकाराच्या मानाने धरली तरी, मोठ्या माणसाच्या पाव हिश्श्याच्या आसपास असते. ती पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने वाढते, पण पूर्ण पातळीला यायला वर्ष ते दोन वर्षं लागतात. कार्बोप्लाटिन मुख्यतः याच वाटेने बाहेर पडतं. यकृतातली सीवायपी३ए४ नावाची विकरं व्हिन्क्रिस्टीनचं विघटन करतात. पोटात असताना बाळाकडे त्यांचं वेगळं भावंड काम करत असतं आणि खरी विकरं पहिल्या वर्षात हळूहळू उभी राहतात. तेव्हा पृष्ठभागाचा हिशोब ज्या वयात सगळ्यात जास्त औषध द्यायला सांगतो, त्याच वयात ते सोसायची क्षमता सगळ्यात कमी असते.

हे नुसतं कागदावर राहिलेलं नाही. रक्ताच्या कर्करोगाच्या सुरुवातीच्या उपचारात तान्ह्या बाळांना पृष्ठभागावर मोजलेलं व्हिन्क्रिस्टीन दिल्यावर मज्जातंतूंना आणि यकृताला जिवावर बेतणारी इजा झाल्याचं १९८१ साली प्रसिद्ध झालं. आज व्हिन्क्रिस्टीनच्या माहितीपत्रकातच दहा किलो किंवा त्याहून कमी वजनाच्या मुलांसाठी ०.०५ मि.ग्रॅ. प्रति किलो, असा वेगळा आकडा असतो.

तीसने भागायचं म्हणजे काय

०.०५ हा आकडा कुठून आला, हे समजलं की बाकीचे आकडे तपासता येतात. मोठ्या मुलांचा डोस १.५ मि.ग्रॅ. प्रति चौ.मी. तीस किलोचं मूल म्हणजे एक चौरस मीटर. म्हणून १.५ भागिले ३०, बरोबर ०.०५ मि.ग्रॅ. प्रति किलो. याचा अर्थ, तान्ह्या बाळाला किलोमागे तेवढंच औषध द्यायचं जेवढं तीस किलोच्या मुलाला किलोमागे जातं. सालीमुळे वाढणारा हिस्सा काढून टाकायचा.

रेटिनोब्लास्टोमाची तिन्ही औषधं याच गणिताने येतात. कार्बोप्लाटिन ५६० मि.ग्रॅ. प्रति चौ.मी., तीसने भागल्यावर १८.६ मि.ग्रॅ. प्रति किलो. इटोपोसाइड १५०, भागल्यावर ५ मि.ग्रॅ. प्रति किलो. कागदावर दोन्ही आकडे असतील तर तीसने भागून पाहा. जुळले नाहीत तर लिहिताना चूक झाली असेल किंवा त्या प्रोटोकॉलने मुद्दाम वेगळी कपात केली असेल. दोन्ही वेळा विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही.

हा भागाकार तपासण्यासाठी आहे, नवा डोस शोधून काढण्यासाठी नाही. ज्या औषधाला प्रोटोकॉलने किलोचा आकडा दिलेला नाही, तिथे स्वतःच्या मनाने तीसने भागून औषध भरू नये. कमी डोसचीही किंमत असते, आणि या आजारात ती डोळ्याने किंवा जिवाने मोजली जाते.

आधी वजन

डोस काढायची पहिली पायरी म्हणजे वजन, आणि इथे मी सगळ्यात कडक आहे. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी अशी असते की बाळ वॉर्डात येतं ते टोपरं, स्वेटर, मोजे आणि वरून दुपटं अशा बंदोबस्तात. तसंच काट्यावर ठेवलं तर सहा किलोचं बाळ ६.४ भरतं. पृष्ठभागाच्या सूत्रात वजन वर्गमुळाखाली असतं, त्यामुळे ही चूक निम्मी होते, साधारण सव्वातीन टक्क्यांची. किलोच्या हिशोबात ती जशीच्या तशी डोसमध्ये उतरते, म्हणजे साडेसहा टक्क्यांहून जास्त. किलोवर आलो म्हणजे काट्यावरची आपली जबाबदारी दुप्पट झाली.

म्हणून खोली गरम करून घ्या, सगळे कपडे आणि लंगोट काढा. बाळांचा, दहा ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा वापरा आणि त्यावरचं कापड आधी ठेवून शून्य करा. दोनदा वजन करा. बाळ कडेवर देऊन आईला मोठ्या काट्यावर उभं करायचं आणि मग तिचं वजन वजा करायचं, ही पद्धत केमोसाठी चालणार नाही. अंगणवाडीच्या कार्डावरचं किंवा मागच्या सायकलचं वजन उतरवून घेऊ नका. या वयात तीन-चार आठवड्यांत बाळ अर्धा किलो वाढू शकतं. आमच्या मुलीचं वजन दुसऱ्या सायकलला ६.५ झालं होतं, तेव्हा तिन्ही डोस नव्याने काढावे लागले. उलट सलाईन चढल्यावर वाढलेलं वजन हे बाळाचं खरं वजन नव्हे, म्हणून वजन सलाईन लावण्याआधीच करायचं.

लांबीही मोजा. किलोवर डोस देणार असलो तरी ती लागते, कारण दुसऱ्या बाजूचा आकडा काढून शेजारी ठेवायचा असतो.

दोन्ही हिशोब शेजारी शेजारी

मुलीचं वजन ६ किलो, लांबी ६२ सें.मी. पृष्ठभागाचं नेहमीचं सूत्र असं:

पृष्ठभाग = √(लांबी सें.मी. × वजन किलो ÷ ३६००)

६२ गुणिले ६ म्हणजे ३७२. त्याला ३६०० ने भागलं की ०.१०३. त्याचं वर्गमूळ ०.३२ चौ.मी.

पृष्ठभागावर व्हिन्क्रिस्टीन आलं असतं ०.४८ मि.ग्रॅ., किलोवर येतं ०.३० मि.ग्रॅ. कार्बोप्लाटिन पृष्ठभागावर १७९ मि.ग्रॅ., किलोवर ११२. इटोपोसाइड पृष्ठभागावर रोज ४८ मि.ग्रॅ., किलोवर ३०. तिन्हींत फरक तोच, पृष्ठभागाचा आकडा किलोच्या १.६ पट.

आम्ही दोन्ही आकडे कागदावर लिहितो आणि पृष्ठभागाच्या आकड्यावर काट मारून शेजारी "वजनानुसार" असं पूर्ण शब्दांत लिहितो. नंतर आलेल्या सिस्टरला किंवा डॉक्टरला नुसता ०.३० दिसला तर "मागच्या बाळाला तर जास्त होता" म्हणून कोणीतरी तो सुधारायला जाऊ शकतं. काट मारलेला आकडा समोर असला की डोस कमी का आहे ते विचारायचीही गरज राहत नाही. हिशोब दोन माणसांनी वेगवेगळा करायचा. एकाने केलेला दुसऱ्याने नुसता वाचून मान हलवली, तर ती तपासणी नव्हे.

सिरिंजमध्ये भरताना

व्हिन्क्रिस्टीन एक मि.ली.मध्ये एक मि.ग्रॅ. येतं. म्हणजे या मुलीचं औषध ०.३ मि.ली. आणि चुकीचा डोस भरला असता तर ०.४८ मि.ली. हे दोन्ही एक मि.ली.च्या सिरिंजमध्ये भरून शेजारी धरून पाहा. दोन्ही चिमूटभरच दिसतात. मोठ्या मुलाच्या औषधात दीडपट चूक झाली की जास्तीची व्हायल फोडावी लागते आणि हात थबकतो. इथे दोन्ही डोस एकाच व्हायलमध्ये बसतात. डोळ्यावर विसंबून चालत नाही, ते यासाठी.

दुसरी फसगत सिरिंजच्या टोकाशी आणि सुईच्या मुळाशी होते. तिथे थोडं औषध साठलेलं असतं आणि ते खुणांवर मोजलं जात नाही. ०.३ मि.ली. औषध ओढून त्याच सिरिंजमध्ये वरून सलाईन ओढलं, तर हे साठलेलं औषधही आत येतं. ते समजा ०.०५ मि.ली. असेल, तर या बाळासाठी डोसचा सहावा हिस्सा वाढला. म्हणून आम्ही आधी पातळ करतो. एक मि.ली. व्हिन्क्रिस्टीन, त्यात नऊ मि.ली. सलाईन, नीट मिसळून एक मि.ली.त ०.१ मि.ग्रॅ. मग ३ मि.ली. मोजून घ्यायचं. तीन मि.ली.मध्ये तेवढीच चूक झाली तरी ती नगण्य राहते. पातळ केल्यावर लेबलवर मि.ग्रॅ. आणि मि.ली. दोन्ही लिहायचे, आणि "फक्त शिरेतून, इतर मार्गाने दिल्यास मृत्यू" ही सूचना लावायची. व्हिन्क्रिस्टीन मणक्यातून गेलं तर जीव वाचवणं जवळपास अशक्य असतं.

इटोपोसाइडचं गणित पाण्याशी जोडलेलं आहे. ते एक मि.ली.त ०.४ मि.ग्रॅ.पेक्षा दाट ठेवलं तर खडे धरू लागतं. ३० मि.ग्रॅ.साठी १०० मि.ली. सलाईन घेतलं की ०.३ येतं, म्हणजे सुरक्षित. पण सहा किलोच्या बाळाला दिवसभरात साधारण ६०० मि.ली. पाणी लागतं आणि त्यातलं १०० या एका औषधाने जातं. हे दिवसाच्या एकूण हिशोबात वजा केलं नाही तर बाळाला सूज येते. वेग किमान एक तास, कारण भरभर दिलं की रक्तदाब कोसळतो. कार्बोप्लाटिन एक मि.ली.त १० मि.ग्रॅ. असतं, म्हणजे ११.२ मि.ली. औषध डेक्स्ट्रोजमध्ये घालून तासाभरात.

दहा किलोची पायरी

आता या पद्धतीतला दोष. एखाद्या प्रोटोकॉलमध्ये दहा किलोपर्यंत किलोवर आणि पुढे पृष्ठभागावर असा नियम असेल, तर ९.९ किलोच्या मुलाला व्हिन्क्रिस्टीन ०.५० मि.ग्रॅ. मिळतं. तीन आठवड्यांनी तो १०.१ किलोचा झाला, लांबी ७५ सें.मी., पृष्ठभाग ०.४६, की डोस येतो ०.६९. दोनशे ग्रॅम वजन वाढलं आणि डोस जवळपास चाळीस टक्क्यांनी उडी मारतो. मुलाच्या यकृतात या तीन आठवड्यांत तसं काहीच घडलेलं नसतं.

हा दोष ओळखून अमेरिकेतल्या चिल्ड्रन्स ऑन्कॉलॉजी ग्रुपने २०१७ मध्ये ०.६ चौ.मी.पेक्षा कमी पृष्ठभागाच्या बाळांसाठी तक्ते सुचवले. त्यांत डोस पायरीने न वाढता उतारासारखा हळूहळू वाढत पूर्ण डोसला मिळतो. काही प्रोटोकॉल सीमा बारा किलोला धरतात. रेटिनोब्लास्टोमाच्या बऱ्याच प्रोटोकॉलमध्ये सीमा वजनाची नसून वयाची, ३६ महिन्यांची आहे, त्यामुळे आमच्या मुलीला सहाही सायकलींत ही उडी लागणार नव्हती. पहिल्या सायकलच्या आधीच कागदावर लिहून ठेवा की या मुलासाठी सीमा कुठली आहे आणि ती ओलांडली तर काय करायचं. उपचार अर्ध्यावर असताना सीमा ओलांडली गेली, तर तो निर्णय वॉर्डात घ्यायचा नाही, तज्ज्ञांना विचारायचा.

जिथे हा नियम लावायचा नाही

तान्ह्या बाळांच्या रक्ताच्या कर्करोगासाठीच्या इंटरफँट प्रोटोकॉलची वाट वेगळी आहे. तिथे डोस पृष्ठभागावरच काढतात आणि मग वयाने कमी करतात: सहा महिन्यांच्या आत दोन तृतीयांश, सहा ते बारा महिन्यांत तीन चतुर्थांश. आधी तीसने भागलं आणि वर ही कपातही केली, तर दुहेरी कपात होते आणि बाळाला अपुरं औषध जातं. ही चूक अंगावर उमटत नाही, म्हणून ती जास्त भीती घालते. डॅक्टिनोमायसिनचा डोस बऱ्याच ठिकाणी आधीपासूनच किलोवर असतो. मूत्रपिंडाच्या विल्म्स ट्यूमरच्या अमेरिकन अभ्यासात पूर्ण डोसने तान्ह्या बाळांना फार त्रास झाला, म्हणून एक वर्षाच्या आतल्यांना तिथे तो निम्मा करतात. किलोवर आहे म्हणजे बाळासाठी सुधारलेला आहे, असं इथे समजू नये. आणि मणक्यातून द्यायचं मेथोट्रेक्सेट किलोवरही नाही, चौरस मीटरवरही नाही, वयावर ठरतं, कारण मेंदूभोवतीचं पाणी शरीराच्या वजनापेक्षा खूप आधी मोठ्या माणसाच्या प्रमाणाला पोहोचतं.

डोस जास्त होतोय हे कशावरून कळतं

मोठं मूल सांगतं की पाय झिणझिणतात, जबडा दुखतो. तान्हं बाळ सांगत नाही, पण आईला दिसतं. दूध ओढताना मध्येच दमणं, रडण्याचा आवाज घोगरा किंवा बारीक होणं, एक पापणी खाली येणं, तीन-चार दिवस शी न होणं आणि पोट फुगणं, ही व्हिन्क्रिस्टीनची लक्षणं आहेत. आमच्याकडे आईला घरी जाताना एवढंच विचारायला शिकवतो की कालच्याइतकंच ओढून पितंय का. याच काळात कोणी बुरशीसाठी इट्राकोनाझोल किंवा व्होरिकोनाझोल सुरू केलं, तर बरोबर मोजलेला डोसही जास्तीसारखा वागतो, कारण व्हिन्क्रिस्टीन मोडणारी विकरंच अडवली जातात.

कार्बोप्लाटिनने प्लेटलेट्स साधारण तिसऱ्या आठवड्यात सगळ्यात खाली जातात. पुढची सायकल द्यायच्या दिवशीही त्या वर आल्या नसतील तर आधी वजन आणि हिशोब पुन्हा तपासा, मग क्रिएटिनिन पाहा. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत बाळाच्या रक्तातलं क्रिएटिनिन बरंचसं आईचं असतं, म्हणून अगदी नवजात बाळात त्या आकड्यावरून मूत्रपिंड ओळखू नये. आणि कान विसरू नका. सहा महिन्यांच्या आत कार्बोप्लाटिन सुरू झालेल्या बाळांना ऐकू कमी येण्याचा धोका जास्त असतो, डोस किलोवर दिला तरी तो पूर्ण जात नाही. सुरुवातीला एकदा आणि मग ठरावीक सायकलींनंतर बेरा तपासणी करायची. ज्या मुलीची नजर आधीच कमी आहे, तिचा कान गेला तर ते वेळेत कळणं फार महत्त्वाचं आहे.

आमच्या मुलीची दुसरी बेरा तिसऱ्या सायकलनंतर झाली आणि ती ठीक आली. तिसऱ्या सायकलच्या कागदावर मुंबईहून आलेल्या सारांशात तिन्ही औषधांपुढे किलोचे आकडे लिहिलेले होते. तरी आम्ही लांबी मोजली, पृष्ठभाग काढला आणि त्यावर काट मारली.